तोरणमाळची जीन्स आणि आप्पांचं धोतर

तिसऱ्या दिवशी सकाळी दोरीवरून जीन्स काढली, वरून हात फिरवला आणि म्हटलं, चला, वाळली एकदाची. मग खिशात हात घातला. आत अजून गार, चिकट ओल. त्या पुढच्या छोट्या खिशात, ज्यात नाणंसुद्धा नीट मावत नाही, विसरलेली वीस रुपयांची नोट होती. ती उलगडताना दोन तुकडे झाली.

गेल्या जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी आणि माझा मामेभाऊ बंटी अमळनेरहून मोटारसायकलवर तोरणमाळला निघालो होतो. शिंदखेडा, दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, शहादा आणि मग वर. निघताना अमळनेरला चाळिशीच्या आसपास ऊन होतं. कोरडवाहूवाले आभाळाकडे बघत बसलेले, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांची कपाशी वीतभर वर आलेली. शहाद्यापर्यंत हेल्मेटच्या आत घामाच्या धारा. तिथून पन्नासेक किलोमीटरवर तोरणमाळ, हजार मीटरहून उंच. सातपायरी घाटाची वळणं सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला आम्ही ढगात शिरलो. पाऊस असा नव्हताच, नुसतं भुरभुर पाणी, पण वर पोचेपर्यंत मी कमरेपासून खाली निथळत होतो. एकाच जिल्ह्यात, एकाच दुपारी, दोन वेगळी हवामानं. माझ्याकडे अंगावरची एक जीन्स आणि पिशवीतली दुसरी जीन्स. बंटीकडे एक पातळ, राखाडी, सळसळ वाजणारी पँट. तिला मी घाटाखाली "छत्रीच्या कापडाची" म्हणून हसलो होतो.

संध्याकाळी खोलीवर त्याने ती पँट पिळली, कोरड्या पंच्यात गुंडाळी करून पुन्हा पिळली, आणि सरळ अंगात घातली. मला वाटलं, याला सर्दी होणार. तासाभराने यशवंत तलावाकडे चहा प्यायला गेलो तेव्हा ती कोरडी होती. माझी जीन्स व्हरांड्यात पुढचे दोन दिवस लटकत राहिली. दुसरीही दुसऱ्या दिवशी भिजली, म्हणून तिसऱ्या दिवशी पहिलीच घालून उतरलो. तिची शिवण ओली, कंबरपट्टा ओला, खिसे ओले. घाटातला वारा लागल्यावर मांड्या बधिर झाल्या. शहाद्याला पोचलो तर खाली पुन्हा ऊन. तिथे ती अंगावरच वाळली, पण तोवर मांड्यांची आतली बाजू घासून लाल झाली होती. दोन दिवस पाय फाकवून चाललो. घरात कारण विचारलं गेलं, आणि बंटीने ते सांगताना काही हातचं राखलं नाही.

आता माणसाने इथे थांबावं, बाजारातून एक तशी पँट आणावी आणि विषय संपवावा. मी पँट आणली. पण मला एक गोष्ट खटकत होती. दुकानदार पँट दाखवताना म्हणाला होता, "कॉटनचं कापड पाणी धरतं हो, म्हणून जीन्स वाळत नाही." घरी येऊन हेच मी आप्पांना ऐकवलं. आप्पांनी पन्नास वर्षं कापूस पिकवलाय. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी दोरीवरच्या स्वतःच्या धोतराकडे बोट दाखवलं.

"धोतर बी कापूसनंच शे ना! ते कशे लगेच वाळी जास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग जुलैतल्या एका उघडीपीच्या रविवारी मी गल्लीतल्या किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दिवसभरासाठी मागून आणला. आभाळ भरलेलं, हवा दमट, ओसरीवर मंद वारा. सकाळी तिन्ही कपडे कोरडे जोखले. जीन्स ७२० ग्रॅम. नवी पँट २९० ग्रॅम. आप्पांचं धोतर ३८० ग्रॅम. इथेच पहिला धक्का बसला. मला धोतर सगळ्यात हलकं वाटत होतं, पण ते नव्या पँटीपेक्षा जड निघालं. तिन्ही बादलीत बुडवले, अर्धा तास भिजू दिले, हाताने होतील तेवढे घट्ट पिळले आणि पुन्हा काट्यावर ठेवले. जीन्स १४६० ग्रॅम, म्हणजे तिच्या वजनाहून जास्त पाणी पोटात, ७४० ग्रॅम. पाऊण लिटरच म्हणा. धोतरात ३०० ग्रॅम पाणी. पँटीत १३० ग्रॅम.

आप्पा हे सगळं बघत होते. "पँट कसाले जोखी राहिना?" एवढंच विचारून ते पुन्हा पेपरात गेले. जिनिंगच्या दारात आपला कापूस दुसऱ्याच्या काट्यावर चढताना ज्याने बघितलाय, त्याला जोखण्याचं कौतुक नसतं.

तासाने तिन्ही पुन्हा जोखले आणि आकडे मी दोनदा तपासले. जीन्समधलं ७२ ग्रॅम पाणी उडालं होतं. नव्या पँटीतलं ६६ ग्रॅम. म्हणजे जवळपास सारखंच! पटकन वाळणारी म्हणून मी जिच्यासाठी जीन्सच्या दीडपट पैसे मोजले होते, ती पहिल्या तासात जीन्सपेक्षा कणभरही लवकर वाळत नव्हती. उलट सहा ग्रॅमने मागेच होती.

या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. कापड चिंब ओलं असतं तोवर त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा सलग थर असतो. हवेला त्या थराखाली कापूस आहे की पॉलिएस्टर, याच्याशी देणंघेणं नसतं. उघड्या परातीतून पाणी जसं उडेल तसंच ते कपड्यातून उडतं. किती वेगाने, हे हवेचा कोरडेपणा, वारा, ऊन आणि कपड्याचं पसरलेलं क्षेत्रफळ ठरवतं. माझ्या दोन्ही पँटी एकाच मापाच्या, दोरीवर सारख्याच जागेत टांगलेल्या, म्हणून दोघींतून तासाला सत्तरेक ग्रॅम पाणी जात होतं. फरक एवढाच की एकीला १३० ग्रॅम द्यायचे होते आणि दुसरीला ७४०. एकीचं कर्ज दोन-अडीच तासांत फिटलं. दुसरीचा हप्ता तोच, कर्ज मात्र जवळपास सहापट.

आणि धोतर? ते नव्या पँटीच्या दुपटीहून जास्त पाणी घेऊन बसलं होतं, तरी दोन तासांच्या आत खडखडीत. कारण साडेचार मीटर लांब कापड दोरीवर एकपदरी पसरलेलं. म्हणजे साधारण पाच चौरस मीटर, दोन्ही बाजूंनी हवा लागणारं. पँटीच्या तिप्पट-चौपट अंगण. जीन्सचं डेनिम १४ औंसाचं धरलं तर एका चौरस मीटरला पावणेपाचशे ग्रॅम सूत भरतं. (हे औंस चौरस यार्डाचे असतात. जीन्सवर कधी असा आकडा दिसला तर त्याला ३४ ने गुणायचं, चौरस मीटरचे ग्रॅम मिळतात.) नव्या पँटीचं कापड दीडशे ग्रॅमच्या आसपास. आप्पांच्या धोतराचं पंच्याहत्तर-ऐंशी. कापूस तोच, पण जीन्समध्ये तो सहापट दाटीने कोंबलेला.

आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग? मी काय सांगी राहिन्तू!"

तरी आप्पांना पूर्ण सूट देता येत नाही. कापसाचा स्वतःचा थोडा दोष आहेच, आणि तो त्यांनाच सगळ्यात नीट माहीत आहे. दिवाळीच्या आसपास पहाटेच्या दवात वेचलेला कापूस व्यापाऱ्याकडे नेला की तो मुठीत दाबतो, नाक मुरडतो आणि कट्टी लावतो, म्हणजे वजनातून कापतो. आधारभूत भावाच्या सरकारी खरेदीतही ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. म्हणजे कोरडा म्हणतात त्या कापसातही शंभर किलोला आठ किलो पाणी गृहीतच धरलेलं. कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोज असतो आणि सेल्युलोजच्या रेणूवर पाण्याला चिकटून बसायला जागाच जागा. साध्या हवेतून ओढलेली ओल मोजायचं वस्त्रोद्योगाचं जे ठरलेलं माप आहे, त्यात कापूस साडेआठ टक्के, नायलॉन चार टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही, ०.४. पॉलिएस्टरच्या तंतूच्या आत पाणी शिरतच नाही. दोन तंतूंच्या फटीत जे अडकेल तेवढंच. कापसाच्या बाबतीत पाणी फटीतही अडकतं आणि तंतूच्या भिंतीतही शिरतं, तंतू फुगतो.

हा दोष दिसतो तो वाळण्याच्या दुसऱ्या टप्प्यात. माझ्या वहीत तो आकड्यांतच उतरलाय. जीन्स तिसऱ्या तासाला १२४० ग्रॅम, सहाव्याला १०६०, नवव्याला ९२०, बाराव्याला ८४०. बघा, पहिल्या तीन तासांत २२० ग्रॅम गेले आणि शेवटच्या तीन तासांत फक्त ८०. हवा फारशी बदलली नव्हती. बदललं ते पाण्याचं ठिकाण. वरचा थर संपला. आता उरलेलं पाणी धाग्याच्या गाभ्यात होतं आणि तिथून पृष्ठभागापर्यंत यायलाच त्याला वेळ लागत होता. डेनिममध्ये हा रस्ता लांब आणि अरुंद असतो. ताण्याचा, म्हणजे उभा, निळा जाड धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो, मग एकाखालून, आणि हे सगळं दाबून घट्ट ठोकलेलं. आडवा बाणा पांढरा, तो आतल्या बाजूला. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकी. ही वीण झिजू नये म्हणून बांधलेली आहे. १८७३ साली अमेरिकेत ज्या पँटीचं पेटंट घेतलं गेलं, तेही खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकून ती फाटू नये म्हणून. वाळण्याचा विचार त्यात कुणी केलेला नाही. (आपल्या मुंबईतल्या डोंगरीतूनही असंच जाडंभरडं सुती कापड परदेशी जायचं. इंग्रजांची डंगरी ती हीच.)

आणि मग शिवण. जीन्सच्या पायाची एक शिवण दोन्हीकडून दुमडून दुहेरी टाचलेली असते, तिथे कापडाचे चार थर येतात. कंबरपट्ट्यावर जिथे पट्ट्याची लूप शिवलेली असते तिथे त्याहून जास्त. खिशाची आतली पिशवी, तिच्यावर पुढचं कापड, त्याच्या पोटात तो छोटा खिसा. दुपारी चारला मांडीवरचं कापड हाताला कोरडं लागत होतं, काटा मात्र सांगत होता की अजून पावशेर पाणी आत आहे. रात्री दहाला ती कुणालाही वाळलेली वाटली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी ७५० ग्रॅम. म्हणजे चोवीस तासांनंतरही ३० ग्रॅम ओल, सगळी कंबरेला आणि खिशात. ही अशी घडी घालून बॅगेत गेली की दुसऱ्या दिवशी बॅग उघडताना जो कुबट वास येतो तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

वाळली की नाही हे तळहाताने ओळखू नये. आई पापड वाळलेत का ते बघताना जे करते तेच मी आता करतो, गालाला लावतो. ओलं कापड गार लागतं, कारण पाणी उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं, आणि गालाला हा फरक तळहातापेक्षा लवकर कळतो. लावायचं तेही मांडीचं कापड नाही, कंबरपट्ट्याची मागची शिवण.

पाणी उडायला लागणारी ही उष्णता थोडीथोडकी नसते. एखादं भांडंभर पाणी चुलीवर ठेवून उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण आठपट ते सगळं पाणी वाफ करून उडवायला लागते. कपडा न उकळता वाळतो म्हणून आपल्याला ती दिसत नाही, पण ती कुठून तरी येतेच. दोरीवर असताना हवेतून आणि उन्हातून. अंगावर असताना अंगातून. माझ्या जीन्समधलं ७४० ग्रॅम पाणी नुसत्या अंगाच्या उबेवर उडवायचं म्हटलं तर ४३० किलोकॅलरीच्या आसपास लागतील, ढोबळमानाने दोन भाकरी. बसलेला माणूस तासाला ऐंशीएक खर्च करतो. म्हणजे पाच तास शरीराने दुसरं काही न करता फक्त पँट वाळवायची. तोरणमाळच्या घाटात मांड्या बधिर झाल्या त्या यामुळे. बंटीच्या पँटीत पंच्याने पिळल्यावर ऐंशीएक ग्रॅम पाणी उरलं असेल. त्याला लागले जेमतेम पन्नास किलोकॅलरी, तेही चहाच्या टपरीपर्यंत चालत जाताना अंग तापलेलं असताना. त्याला सर्दी झाली नाही.

आता हवेचं बघू, कारण जीन्सला नावं ठेवणारे लोक बहुधा कोकणात किंवा पुण्याच्या पावसाळ्यात राहतात. मे महिन्यात हीच जीन्स आमच्या गच्चीवर अडीच तासांत वाळून पत्र्यासारखी उभी राहते. खानदेशात याचं मोजमाप घरोघर आहे, ते म्हणजे कूलर. कूलर काय करतो? गवताच्या जाळीवरून पाणी सोडतो, त्यातून हवा ओढतो, पाणी उडतं आणि हवा गार होते. दोरीवरची ओली जीन्स म्हणजे बिनमोटरचा कूलरच. मेमध्ये ४२ अंशाला आणि हवेत वीस टक्के ओलावा असताना ओलं कापड सावलीत तेवीसेक अंशापर्यंत थंड होतं. हवा आणि कापड यांच्यात एकोणीस अंशांची दरी पडते आणि त्या उतारावरून उष्णता कापडाकडे धावते, पाणी भराभर उडतं. तोरणमाळला ढगात हवा बावीस अंश आणि ओलं कापडही जवळपास तेवढंच. दरी एक अंशाचीही नाही. उष्णता येणार कुठून? म्हणून ज्या दिवशी कूलर लावला की खोली गार होते, त्या दिवशी जीन्स वाळते. ज्या दिवशी कूलर नुसता चिकचिक करतो, त्या दिवशी ती दोरीवर टाकण्यातही अर्थ नाही.

याच हिशोबाने एक कबुली द्यायला हवी. ढगात ती सळसळती पँटही वाळत नाही. यंदा ऑगस्टमध्ये मी पुन्हा तोरणमाळला गेलो तेव्हा ती मुद्दाम पंच्यात न पिळता रात्री खोलीतल्या खुंटीला टांगली. सकाळी ती बऱ्यापैकी ओली होती. लेबलवर काहीही लिहिलेलं असो, कापड हवेच्या पुढे जाऊ शकत नाही. तिचा फायदा इतकाच की मुळात पाणी थोडं असतं. ते आणखी कमी करायचं काम पंच्याचं, आणि उरलेलं अंगाचं. पंचा जमिनीवर अंथरायचा, त्यावर पँट पसरायची, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि एका टोकावर पाय देऊन पिळायची. पातळ कापडात पाणी सैल बसलेलं असतं, ते सुती पंचा ओढून घेतो. जीन्सवरही हे केलं. पंचा चिंब झाला, जीन्स दीडशे ग्रॅमने हलकी झाली, आणि पंच्याला निळे डाग पडले. नीळ ताण्याच्या धाग्याच्या कातडीवरच बसलेली असते, गाभ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ओल्या घासणीला ती सुटते. आप्पांचा पंचा होता. ते दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

जीन्सच वाळवायची वेळ आली तर मी तिला आतली बाजू बाहेर करतो, खिशांच्या पिशव्या ओढून बाहेर काढतो, चेन उघडी ठेवतो आणि कंबर वर करून ती गोल उघडी राहील अशी तीन-चार चिमट्यांनी टांगतो. पाणी खाली पोटऱ्यांकडे उतरतं, तिथे थर कमी. जाड कंबरेला वर वारा मिळतो. एका दांडीवर मधोमध दुमडून टाकली, तर दांडीखालची पट्टी शेवटपर्यंत ओली राहते.

नव्या पँटीचं कौतुक इथपर्यंत. आता तिची गाऱ्हाणी. पहिलं गाऱ्हाणं ऑगस्टच्याच फेरीतलं. रात्री खोलीवाल्याने पडवीत शेकोटी पेटवली होती. ओल्या लाकडातून एक ठिणगी फुटली आणि माझ्या गुडघ्यावर पडली. जीन्सवर पडली असती तर काळा ठिपका पडला असता. या पँटीला वाटाण्याएवढं भोक पडलं, कडेला वितळून कडक झालेली गोल किनार, आणि गुडघ्याला फोड. पॉलिएस्टर अडीचशेच्या वर-खाली अंशांना वितळतं, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. मोटारसायकलच्या तापलेल्या सायलेन्सरला पोटरी लागली तरी हेच. दुसरं म्हणजे वास. घामाचं तेल या कापडाला धरून बसतं. दिवसभर उन्हात गाडी चालवली की संध्याकाळी ही पँट धुवावीच लागते. जीन्स तीन दिवस चालते, निदान आम्ही चालवतो. तिसरं, काटे. सीताखाईकडच्या पायवाटेवर बोरीने तिला दोन ठिकाणी ओढून धागे काढले. जीन्सवर काट्याने नुसती रेघ ओढली असती.

उन्हाचं मात्र उलट निघालं. मला वाटायचं, प्लास्टिकचं कापड, खानदेशच्या उन्हात भाजून काढेल. पण ती सैल आणि पातळ, वारा आत खेळतो, घाम उडून जातो. चाळीस अंशांत जीन्स जास्त छळते, कारण घाम तिच्या गाभ्यात जाऊन बसतो आणि कमरेला पट्ट्याखाली तसाच राहतो. उन्हाळ्यात सैल सुती पायजम्याची बरोबरी दोघींनाही नाही. पण पायजमा घालून मोटारसायकलवर तोरणमाळला जाणारा मी एकच माणूस बघितलाय, आणि ते आप्पा, १९८०च्या आसपासच्या फोटोत.

विकत घेताना एक फसगत टाळा. प्रवासाची पँट म्हणून जे सहा खिशांचं खाकी मिळतं, त्याच्या आतल्या लेबलवर बऱ्याचदा ९७-९८ टक्के कॉटन आणि उरलेलं इलास्टेन असतं. ते जीन्सचंच चुलत भावंड. लेबल बघा, मग पँट हातात तोला. कंबर चौतिसाची असून साडेतीनशे ग्रॅमच्या आत असेल तर बोला. आणि खिसा उलटा करून बघा. कापड नायलॉनचं आणि खिशाची पिशवी जाड सुती, असा प्रकार मी स्वतः घेऊन बसलोय. पँट वाळते, खिसा रात्रभर ओला. पाण्याचे थेंब वरून घरंगळून जातात तो लेपही काही धुण्यांत जातो. त्याच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचं आणि तिथून पुढे वर तोरणमाळला, असा बंटीचा बेत आहे. डिसेंबर आहे, पाऊस नाही, दुपारी खाली ऊन आणि रात्री वर कडाका. शेकोटी नक्की. त्यामुळे अंगावर जीन्स आणि पिशवीत ती भोकाची पँट, भोकावर आईने आतून ठिगळ लावून दिलंय. काल रात्री पिशवी भरताना मी दोरीवरचा पंचा काढून हळूच आत ठेवला. आप्पा पाठमोरे बसले होते. मला वाटलं, त्यांना दिसलं नाही.

"तुनी पँट ऱ्हावू दे तठे," ते म्हणाले, "पन मना पंचा लई येजो. आनि निळा नको."